तपोवनातली हरकत आणि गळ्यातलं ओळखपत्र

२०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या तंबूंच्या वस्तीसाठी, झाडं तोडण्याची नोटीस निघाली आणि महिनाभर नाशकात दुसरा विषय नव्हता. गंगेवर म्हणजे गोदाघाटावर, मिसळीच्या टेबलावर, सोसायटीच्या ग्रुपवर तेच चाललं होतं. त्या दिवसांत आमच्या ऑफिसातल्या एका ज्युनियर इंजिनिअर मुलीनं मला विचारलं, "सर, मला हरकत द्यायचीय. पण आपण महापालिकेच्या कामात आहोत ना. दिली तर चालेल का?"

मी स्थापत्य सल्लागार संस्थांमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. हा प्रश्न मला पहिल्या वर्षीच पडायला हवा होता. पडला नाही, म्हणून एकदा चांगलाच आपटलो. गोदावरीच्या पात्रातल्या काँक्रीटीकरणावर नागरिकांची एक बैठक होती. साइटवरून थेट तिथे गेलो आणि चार वाक्यं बोललो. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात फोटो आला. बोललो ते धड छापलं नव्हतं, पण गळ्यातलं निळ्या पट्टीचं ओळखपत्र स्पष्ट दिसत होतं, संस्थेच्या नावासकट. सकाळी साडेनऊला आमच्या मोठ्या साहेबांना क्लायंटचा फोन. मी बोललो त्यात चूक काहीच नव्हतं. पण 'हे तुमचं अधिकृत मत आहे का?' याचं उत्तर साहेबांकडे नव्हतं, कारण मी बैठकीला गेलो होतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

मालकाच्या नावाला धक्का बसतो तो बहुतेक वेळा मतामुळे नाही, तर बोलणारा नेमका कोण म्हणून बोलतोय हे ऐकणाऱ्याला न कळल्यामुळे. खालचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे. त्या मुलीनं हरकत कशी दिली तेच क्रमानं सांगतो.

आधी कागद काढा

पहिल्या संध्याकाळी एकही ओळ लिहायची नाही. नेमणूकपत्र काढायचं. त्यात तीन कलमं शोधायची: गोपनीयता, माध्यमांशी संपर्क आणि हितसंबंध. बऱ्याच संस्थांत ती नेमणूकपत्रात नसतात, वेगळ्या आचारसंहितेत असतात आणि रुजू होताना आपण न वाचता सही केलेली असते. माध्यमांचं कलम साधारणपणे 'संस्थेच्या वतीने बोलू नये' असं असतं. काही ठिकाणी मात्र 'संस्थेच्या व्यवसायाशी संबंधित कोणत्याही विषयावर पूर्वपरवानगीशिवाय बोलू नये' असं लिहिलेलं असतं. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं असेल तर तुम्ही नागरिक म्हणून मोकळे आहात. दुसरं असेल तर आधी लेखी विचारावंच लागेल.

सरकारी नोकरीत असाल तर हा लेख तुम्हाला अर्धाच लागू पडतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर त्यांत स्पष्ट बंधन आहे. जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागानं समाजमाध्यमांबद्दल वेगळा शासननिर्णयही काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी वैयक्तिक खात्यावर दाखवू नका, असं त्यात आहे. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयानं सरकारी नोकरालाही अभिव्यक्तीचा हक्क असतो असं म्हटलं खरं, पण तेही सेवानियमांच्या चौकटीत. तो निकाल खिशात घालून कोणी रणांगणात उतरू नये.

खासगी नोकरीवाल्यांचा एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'संविधानानं मला बोलायचा हक्क दिलाय' हे वाक्य सरकारसमोर चालतं, खासगी मालकासमोर त्याचा फारसा जोर नाही. तुम्ही प्रोबेशनवर असाल तर काढून टाकताना त्याला कारणही सांगावं लागत नाही, नेमणूकपत्रातली नोटिशीची मुदत पुरेशी असते. घाबरवायला सांगत नाही. सहा महिने थांबून बोलायचं की आज, हे ठरवताना ही गोष्ट डोळ्यांसमोर असावी, एवढंच.

मालक या वादात कुठे उभा आहे?

आमच्या संस्थेकडे मलनिस्सारणाच्या एका कामाचं डिझाइन होतं, तेही थेट महापालिकेकडून नाही, एका ठेकेदाराचे उपसल्लागार म्हणून. म्हणजे साधुग्रामाशी थेट संबंध नाही, पण गिऱ्हाईक तेच, शहर तेच. हे त्या मुलीला पूर्ण माहीत नव्हतं. नवीन माणसाला आपलं एक टेबल दिसतं, शेजारच्या टेबलावरचं काम दिसत नाही. म्हणून विचारायचं: आपण यात निविदा भरली आहे का, भरणार आहोत का, यातला कोणी आपला क्लायंट आहे का? सरकारी निविदा mahatenders.gov.in वर कोणालाही पाहता येतात, तेही एकदा पाहून घ्यावं.

उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात. संबंध नसेल तर पुढे जा. आमच्यासारखा आडवळणाचा संबंध असेल तर जपून, पण जाता येतं. आणि ज्या कामावर तुमची स्वतःची सही आहे त्याच कामाबद्दल बोलायचं असेल, तर व्यक्तिगत मत नावाची गोष्ट तिथे उरतच नाही. तिथे आक्षेप असेल तर तो ऑफिसातच, लेखी, वरिष्ठांकडे नोंदवायचा.

याची दुसरी बाजू लोक विसरतात. सगळ्यांना विरोधी मताची भीती वाटते. माझा अनुभव असा, की बाजूनं बोललेलं मत जास्त महाग पडतं. समजा आपल्याच संस्थेला ज्यातून काम मिळणार आहे अशा प्रकल्पाची तुम्ही 'एक तटस्थ अभियंता' म्हणून तारीफ केली, आणि आठ दिवसांनी कोणी तुमच्या नोकरीचा धागा जोडला. मग तुम्ही आणि संस्था दोघेही पढवलेले साक्षीदार ठरता. विरोध केलेल्या माणसाला लोक फार तर आगाऊ म्हणतात. अशा वेळी संबंध पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचा, नाहीतर बोलायचंच नाही.

तीन रकाने

आता कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी: छापून आलेली नोटीस, झाडांची यादी, कायदा. दुसऱ्यात तुम्हाला शिक्षणामुळे कळणाऱ्या गोष्टी: मूळ किती पसरतं, बुंध्याभोवती भराव टाकला तर काय होतं. तिसऱ्यात फक्त नोकरीमुळे कळलेल्या गोष्टी. प्रत्येक मुद्दा लिहिताना स्वतःला विचारायचं, 'मी या संस्थेत नसतो तर हे मला कळलं असतं का?' नाही असं उत्तर आलं, की मुद्दा तिसऱ्या रकान्यात.

तिसरा रकाना पूर्ण खोडायचा. सूचकही लिहायचं नाही. 'आतली माहिती आहे, पण सांगू शकत नाही' हे तर सगळ्यात वाईट, कारण त्यातून माहिती मिळत नाही पण संशय मिळतो, आणि तोही संस्थेवर.

तिच्या यादीत नऊ मुद्दे होते, त्यातले दोन तिसऱ्या रकान्यात गेले. एकाबद्दल ती अडून बसली होती. तपोवनातल्या एका पट्ट्यातली जमिनीची पातळी तिला पाठ होती आणि त्यावरून तिथे पाणी साचेल असा तिचा तर्क होता. तर्क बरोबर होता. पण ती पातळी आमच्या सर्वेक्षणातून आली होती आणि त्या सर्वेक्षणाचे पैसे क्लायंटनं दिले होते. मी म्हटलं, हाच मुद्दा प्रश्न करून मांड: 'या पट्ट्याच्या समपातळी रेषा दाखवणारा नकाशा जाहीर करावा.' आकडा गेला, मुद्दा राहिला.

हरकतीचा मसुदा

झाडांच्या बाबतीत मत मांडायला कायद्यानंच एक दार ठेवलेलं आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्षतोडीची जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. सात दिवस म्हणजे फार नाहीत. त्यातले दोन वर सांगितलेल्या कामात जातात, म्हणून नोटीस दिसली त्याच दिवशी कामाला लागायचं.

नोकरदारानं हे दार आधी वापरावं असं माझं मत आहे. हरकत देणारा माणूस कायद्यानं बोलावलेला असतो. तेच वाक्य चौकातल्या माइकवर बोललं तर 'अमक्या संस्थेचा माणूस आंदोलनात' होतं, आणि वृक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर दिलं तर एका रहिवाशाची हरकत राहतं.

तिचा पहिला मसुदा असा होता:

"मी गेली तीन वर्षे नाशिकमधील मलनिस्सारण प्रकल्पांवर काम करणारी अभियंता आहे. या भागातील नियोजन पाहता ही झाडे तोडण्याची गरज नाही, हे आम्हाला चांगले माहीत आहे. हा निर्णय भ्रष्ट ठेकेदारांच्या सोयीसाठी घेतलेला आहे."

तीन वाक्यं, तीन खड्डे. पहिल्यात तिनं आपला अधिकार नोकरीतून आणला आहे. नाशकात असली कामं करणाऱ्या संस्था किती? नाव न घेताही नाव घेतल्यासारखंच झालं. दुसऱ्यातला 'आम्हाला' हा शब्द पाहा. आम्हाला म्हणजे कोणाला? वाचणारा म्हणणार, संस्थेला. एकवचनाचं अनेकवचन होताना कोणाच्या लक्षात येत नाही. मसुदा झाल्यावर फक्त 'आम्ही', 'आमचं', 'आपण' हे शब्द शोधत एकदा वाचायचं. तिसऱ्यात पुराव्याशिवाय भ्रष्टाचाराचा आरोप आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो बदनामीच्या खटल्याला निमंत्रण देतो, आणि त्यातला एखादा ठेकेदार आपलाच क्लायंट निघायचा.

रविवारी सकाळी ती कापडी टेप घेऊन तपोवनात गेली. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर मोजतात. वडाचं मोजणं कटकटीचं असतं, कारण पारंब्या खोडाला चिकटून जाड झालेल्या असतात आणि टेप कुठून न्यायची तेच कळत नाही. तिनं तीन झाडं मोजली, टेप लावलेले फोटो काढले आणि यादीतले क्रमांक लिहून आणले. मग दुसरा मसुदा झाला:

"मी नाशिकची रहिवासी या नात्याने ही हरकत नोंदवत आहे. शिक्षणाने मी स्थापत्य अभियंता असून एका खासगी संस्थेत नोकरी करते. हे मत माझे व्यक्तिगत आहे. त्यात संस्थेची भूमिका किंवा संस्थेकडील कोणतीही माहिती नाही. यादीतील पुढील तीन वटवृक्षांचा घेर मी स्वतः मोजला असून तो यादीतील नोंदीशी जुळत नाही. फोटो सोबत जोडले आहेत. तंबू तात्पुरते असल्याने ही झाडे ठेवून मांडणी करता येते का, हे दाखवणारा आराखडा निर्णयापूर्वी जाहीर करावा."

'मत व्यक्तिगत आहे' ही ओळ लोक तळाशी बारीक अक्षरांत टाकतात. तळाची ओळ कोणी वाचत नाही आणि बातमीत तर येतच नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच हवी. आणि एवढं केलं तरी ती ओळ म्हणजे चिलखत नाही. आत संस्थेची माहिती असेल तर 'व्यक्तिगत' असं दहा वेळा लिहूनही काही होत नाही.

कागद साधा, घरचा पत्ता, स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ई-मेल. ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचं नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण वेळ आली की 'ऑफिसची साधनं वापरली' हेच पहिलं कलम लागतं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात हरकत दिली आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतली.

साहेबांना सांगणं

देण्याच्या आदल्या दिवशी तिनं वरिष्ठांना हा मेल केला:

"सर, तपोवनातल्या झाडांच्या नोटिशीवर मी रहिवासी म्हणून उद्या हरकत देत आहे. त्यात संस्थेचं नाव नाही आणि ऑफिसातली माहितीही नाही. आपल्या चालू कामाशी याचा कुठे संबंध येतो असं तुम्हाला वाटत असेल तर कृपया आज संध्याकाळपर्यंत सांगा."

हा मेल परवानगी मागत नाही, कळवतो. कलमात पूर्वपरवानगी लिहिलेली असेल तर अर्थातच मागायची. नसेल तर मागू नये, कारण परवानगी दिली की ती संस्थेची संमती होते आणि नाकारली की तुम्ही कारण नसताना अडकता. साहेब म्हणाले, "मसुदा दाखव." इथे जपावं लागतं. दाखवायला हरकत नाही, पण त्यांनी मतात फेरफार सुचवले आणि तुम्ही ते घेतले, तर 'संस्थेची भूमिका यात नाही' हे वाक्य खोटं होतं. तिनं सांगितलं, "सर, माहिती आपली आहे का तेवढंच बघा, शब्द माझे राहू द्या." साहेबांनी एक जागा दाखवली, ती तिनं काढली. मतावर ते काही बोलले नाहीत. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला चहाच्या वेळी कळलं.

चार दिवसांनी त्या ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन आलाच. साहेब म्हणाले, "हो, तिनं नागरिक म्हणून दिलीय, मला आधी कळवलं होतं. आपल्या कामाचं त्यात काही नाही." फोन दोन मिनिटांत संपला. बावीस वर्षांपूर्वी माझ्या साहेबांकडे हेच वाक्य नव्हतं.

पत्रकार भेटतो तेव्हा

सुनावणीच्या दाराबाहेर पत्रकार असतातच. तो त्याचं काम करतो. त्याला नाव, मत आणि 'हे कोण' एवढं हवं असतं. 'हे कोण' तुम्ही दिलं नाही, तर तो शोधून घालतो आणि त्याला सापडते ती तुमची नोकरी. म्हणून बोलायच्या आधी सांगायचं: "रहिवासी आणि अभियंता एवढंच लिहाल का? कंपनीचं नाव नको, मी कंपनीतर्फे आलेले नाही." त्यानं विचारलं, "कुठे काम करता?" तर खोटं बोलायचं नाही आणि गूढही व्हायचं नाही. "खासगी संस्थेत. त्यांचा याच्याशी संबंध नाही, म्हणून नाव देत नाही." संबंध असेल तर 'संबंध नाही' म्हणू नका, 'त्यांच्या वतीने मी बोलत नाही' एवढंच म्हणा. ऑफिसातल्या त्या मुलीला हे दुसरंच वाक्य वापरावं लागलं.

ओळखपत्र खिशात, कंपनीचा टी-शर्ट घरी, हेल्मेटवरचा लोगो गाडीच्या डिकीत. कॅमेऱ्यासमोर 'तुमच्या अनुभवावरून सांगा' असा प्रश्न आला, की अनुभव म्हणजे नोकरी हे ध्यानात ठेवून उत्तर हरकतीतल्या मुद्द्यावर आणायचं.

तरीही संस्थेचं नाव छापून आलं तर? बातमी दिसल्यापासून तासाभरात साहेबांना स्वतः फोन करा, त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी. मग वर्तमानपत्राच्या कार्यालयात फोन करून नेमकी चूक सांगा आणि त्याच मजकुराचा छोटा मेल पाठवा: 'मी रहिवासी म्हणून बोलले, संस्थेच्या वतीने नाही, कृपया दुरुस्ती करावी.' मतावर सफाई देत बसू नका. मत तेच आहे, चुकलं ते फक्त पदनाम. आणि घाईघाईनं सगळीकडून स्वतःचं लिखाण पुसून टाकू नका. पुसलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट कोणाकडे ना कोणाकडे असतोच, आणि पुसलं म्हणजे काहीतरी होतं, असा अर्थ निघतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. तुम्ही जितके वर जाल तितकं हे जमेनासं होतं. ज्युनियर इंजिनिअरचं मत तिचं स्वतःचं राहू शकतं. संचालकाचं किंवा जनसंपर्क अधिकाऱ्याचं राहत नाही, त्यांनी कितीही खुलासे केले तरी लोक त्यांचा चेहरा आणि संस्था वेगळी करत नाहीत. आज मी स्वतः संस्थेतर्फे निविदांवर सह्या करतो. तपोवनाबद्दल मला काय वाटतं ते त्या मुलीला चहावर सांगितलं, हरकत मात्र दिली नाही. तिच्या पोचपावतीची एक प्रत आणि साहेबांना केलेला तो मेल तिनं घरच्या फाइलीत एकत्र लावून ठेवलाय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही.